नाणं, फासा आणि एकतर्फी डाव: संभाव्यतेचे प्रयोग कोणत्या क्रमाने घ्यावेत

"सर, आमचा प्रयोग चुकला. दहांत सात छापे आले." नाणं उडवण्याच्या तासाला हे वाक्य कुणीतरी बोलतंच. तोवर फळ्यावर '१/२' लिहून झालेलं असतं. मग मुलं हळूच दोन छाप्यांचे काटे करून पाच-पाच लिहितात आणि वही दाखवायला आणतात. उत्तर बरोबर दिसतं आणि प्रयोग वाया जातो.

चूक मुलांची नसते, क्रमाची असते. अपूर्णांक आधी सांगितला की नाणं उडवण्याचं काम फक्त तो खरा ठरवण्यापुरतं उरतं. खालचा क्रम उलटा आहे: आधी अंदाज, मग खेळ, मग सगळ्या वर्गाची एकत्र मोजणी, मग सगळ्या शक्यतांची यादी आणि अगदी शेवटी अपूर्णांक. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी चार-पाच तासिका धरा. एका तासिकेत सगळं उरकायचं असेल तर फक्त टप्पा ३ घ्या, बाकीचे सोडा.

## तयारी

पंधरा जोड्यांच्या, म्हणजे तीस मुलांच्या वर्गाला हे लागेल:

- प्रत्येक जोडीला एक रुपयाचं एक आणि पाच रुपयांचं एक नाणं. दोन्ही वेगळी हवीत, कारण टप्पा २ त्यावरच उभा आहे.
- प्रत्येक जोडीला दोन वेगळ्या रंगांचे फासे. लुडोचे चालतात. एकाच रंगाचे मिळाले तर एकावर मार्करने सहाही बाजूंना रेघ ओढा.
- फासे हलवायला पेला किंवा रिकामा डबा.
- खाली पसरायला सतरंजी, पोतं किंवा घडी घातलेली ओढणी. फरशीवर तीस नाणी एकदम पडली की तास संपेपर्यंत ती बाकांखालीच शोधली जातात.
- काही फोडलेले चिंचोके, शेवटच्या टप्प्यासाठी.

कागदाचे किंवा मातीचे घरगुती फासे या प्रयोगांना वापरू नका. त्यांच्या बाजू सारख्या नसतात, आणि निकाल तिरका आला की दोष खेळाच्या नियमाचा की फाशाचा हे कळायला मार्ग राहत नाही. बाजारातल्या लुडोच्या फाशातही बारीकसा दोष असू शकतो, पण तो शे-दोनशे फेकींत दिसण्याइतका नसतो.

आणखी एक तयारी वर्गाबाहेरची. पैज, पैसे, गोळ्या-चॉकलेटं यांतलं काहीही डावाला लावू नका, फक्त गुण मोजा. मी एकदा चिंचोके 'जिंकायला' दिले होते, तर दुसऱ्या दिवशी एक आजोबा विचारायला आले, "गुरुजी, शाळेत जुगार शिकवता का?" त्यांचं चुकलं नव्हतं.

### सुरुवातीआधी ठरवायचे नियम

हे फळ्यावर लिहा आणि खेळ संपेपर्यंत पुसू नका.

१. सिंहाची बाजू छापा, आकड्याची बाजू काटा. (अर्धा वर्ग उलटं समजतो आणि ते शेवटी लक्षात येतं.)
२. नाणं हवेत गिरक्या घेत वर गेलं पाहिजे. टेबलावर भोवऱ्यासारखं फिरवायचं नाही, कारण तेव्हा कडेची घडण निकाल एका बाजूला झुकवू शकते.
३. नाणं किंवा फासा कापडाबाहेर गेला तर ती फेक बाद, मग काहीही पडलेलं असो. कापडावर पडलं तर पक्कं.
४. एकाने फेकायचं, दुसऱ्याने लगेच लिहायचं. आठवून लिहायचं नाही.

तिसरा नियम किरकोळ वाटतो, पण सगळी भांडणं तिथेच होतात. 'हे धरायचं का?' हा प्रश्न निकाल बघून सुटायला लागला की आकडे बिघडले.

## टप्पा १: एक नाणं, वीस फेकी

आधी अंदाज घ्या. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं: वीसपैकी किती छापे येतील? हात वर करून विचारू नका. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाकडे बघून बाकीचे हात वर होतात.

मग प्रत्येक जोडीने वीस वेळा नाणं उडवायचं आणि निकाल क्रमानेच लिहायचा: छा का का छा छा… या टप्प्यावर ताळ्याच्या खुणा नकोत. खुणांमध्ये बेरीज राहते, क्रम हरवतो, आणि इथे क्रमाचीच गरज आहे.

सगळ्या जोड्यांचे छापे फळ्यावर एकाखाली एक लिहा. ६ पासून १४ पर्यंत काहीही आलं तरी नवल नाही. नेमके दहा-दहा साधारण सहात एका जोडीला येतील. मग पंधरा जोड्यांची बेरीज करा. ३०० फेकींत छापे बहुधा १३५ ते १६५ च्या आत बसतील. आता मुलांनाच विचारा, जोडीजोडीचे आकडे इतके पसरलेले, मग बेरीज निम्म्याच्या जवळ कशी? इथे घाई करू नका. 'सात छापे आले म्हणजे चुकलं' हा समज याच फळ्यासमोर सुटतो. दहा फेकींत सात-तीन किंवा त्याहून तिरका निकाल तीनात एकदा येतो. तो नेहमीचाच निकाल आहे.

तपासा: आकडे खरे की रचलेले? वीस फेकींच्या ओळीत एकच बाजू सलग चार किंवा जास्त वेळा कुठेतरी आली आहे का ते बघा. खऱ्या फेकींत चारपैकी तीन जोड्यांना अशी रांग मिळते. मनाने लिहिणारी मुलं इतकं सलग लिहायला बिचकतात, त्यांची ओळ छा-का-छा-का अशी नीटस असते. एखाद्या जोडीकडे रांग नसली तर तेवढ्यावरून कुणाला पकडू नका. पण वर्गात बहुतेकांकडे नसेल तर सगळ्यांनी पुन्हा उडवा.

### "आता काटा येणारच!"

तीन छापे सलग आले की सगळा वर्ग हे ओरडतो. 'नाण्याला आठवण नसते' असं सांगून पटत नाही, म्हणून मोजून बघा. आपल्या ओळीत एकच बाजू सलग तीनदा आली आहे अशा प्रत्येक जागी पुढची फेक बघायची: तीच बाजू आली की बदलली? सलग चार छाप्यांत अशा दोन जागा सापडतात, त्या दोन्ही धरा. वीसाव्या फेकीवर संपणारी रांग सोडून द्या, तिच्यापुढे काही नाही. वर्गभरात साठेक जागा मिळतात आणि 'तीच' व 'बदलली' साधारण निम्मे-निम्मे निघतात.

सावध: ही मोजणी सगळ्या वर्गाची एकत्रच करा. प्रत्येक जोडीचं प्रमाण काढून त्याची सरासरी घेतली तर निकाल 'बदलली'कडे झुकलेला दिसतो आणि मुलांचा गैरसमज पक्का होतो.

## टप्पा २: दोन नाणी, तीन खेळाडू

आता तिघांचे गट करा. रुपयाचं आणि पाचाचं नाणं एकदम उडवायचं. दोन्ही छापे आले तर पहिल्याला गुण, दोन्ही काटे आले तर दुसऱ्याला, एक छापा आणि एक काटा आला तर तिसऱ्याला.

खेळाआधी चिठ्ठीवर लिहून घ्या: डाव तिघांना सारखा आहे की एकतर्फी? बहुतेक मुलं 'सारखा' लिहितात. तीन प्रकार, तीन खेळाडू, एकाला एक. हा विचार बाळबोध म्हणून हसण्यावारी नेऊ नका. फ्रान्समधला नामवंत गणिती दालाँबेर १७५४ मध्ये नाण्यांच्या अशाच प्रश्नात फसला होता.

चाळीस फेकी होऊ द्या. विसाव्या फेकीच्या आसपास पहिले दोघे कुरकुरायला लागतात: "हा सारखा जिंकतोय, आपण जागा बदलू." बदलू द्या, गुण मात्र जागेच्या नावावरच लिहायचे. माणूस बदलला तरी तिसरी जागाच जिंकते हे दिसलं की 'तो लकी आहे' हे स्पष्टीकरण आपोआप गळतं.

दहा गटांच्या ४०० फेकी एकत्र करा. साधारण १००, १०० आणि २०० च्या आसपास आकडे येतील. कारण विचारा आणि मुलांना बोलू द्या. कुणीतरी म्हणतं, "एक-एक दोन प्रकारे येतं." तेव्हा यादी करा:

| रुपया | पाच रुपये | गुण कुणाला |
|---|---|---|
| छापा | छापा | पहिला |
| छापा | काटा | तिसरा |
| काटा | छापा | तिसरा |
| काटा | काटा | दुसरा |

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो चांगला आहे: "नाणी वेगळी आहेत म्हणून असं होतंय. दोन्ही रुपयेच घेतले तर तीनच प्रकार." वाद घालू नका. दोन सारखे रुपये द्या आणि पुन्हा चाळीस फेकी करायला सांगा. तिसराच जिंकतो. मग फक्त एवढं विचारा: आपल्याला दोन रुपयांतला फरक ओळखता येत नाही, हे त्या नाण्यांना ठाऊक असतं का?

सावध: अजून अपूर्णांक लिहू नका. 'चारपैकी दोन वेळा' एवढीच भाषा पुरे.

## टप्पा ३: दोन फाशांतला फरक

हा सगळ्या मालिकेचा गाभा आहे, याला पूर्ण तासिका द्या.

दोन फासे टाकायचे आणि मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा. फरक ०, १ किंवा २ आला तर अ ला गुण, ३, ४ किंवा ५ आला तर ब ला. एकूण सहा फरक, दोघांना तीन-तीन. चिठ्ठीवर अंदाज: डाव सारखा की एकतर्फी? आणि तुला कोण व्हायचंय, अ की ब?

प्रत्येक जोडीने वीस डाव खेळायचे. नोंद करताना फक्त कोण जिंकलं हे लिहू नका, फरक किती आला ते लिहा. शून्यापासून पाचपर्यंत सहा रकाने आखून ताळ्याच्या खुणा करायच्या. हे का, ते पुढे येईल.

बहुतेक जोड्यांत अ जिंकतो. पण पंधरा जोड्यांत एखाद-दुसऱ्या जोडीत ब बरोबरी करतो किंवा जिंकतोही. वीस डावांत अकरात एकदा असं होतं. ती जोडी ठासून सांगते की डाव ब च्या बाजूचा आहे. त्यांना गप्प करू नका, त्यांचे आकडे फळ्यावर सगळ्यांच्या सोबत मांडा. थोड्या डावांवरून डाव कसा आहे हे ठरवता येत नाही, हे दाखवायला त्या जोडीसारखा पुरावा नाही.

आमच्या सातवीच्या एका वर्गाचा ३०० डावांचा फळा असा होता:

| फरक | ० | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|---|
| किती वेळा | ५२ | ७९ | ६२ | ५४ | ३७ | १६ |

अ ला १९३ गुण, ब ला १०७.

आता यादी. दोन फाशांच्या जोड्या शब्दांत लिहायला लावल्या तर मुलं निम्म्यात कंटाळतात. त्यापेक्षा सहा बाय सहाचा तक्ता द्या: वर लाल फाशाचे आकडे, डावीकडे पांढऱ्याचे, चौकटीत फरक.

| | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | ० | १ | २ | ३ | ४ | ५ |
| २ | १ | ० | १ | २ | ३ | ४ |
| ३ | २ | १ | ० | १ | २ | ३ |
| ४ | ३ | २ | १ | ० | १ | २ |
| ५ | ४ | ३ | २ | १ | ० | १ |
| ६ | ५ | ४ | ३ | २ | १ | ० |

अ च्या चौकटी एका रंगाने आणि ब च्या दुसऱ्या रंगाने भरायला सांगा. मधून तिरका जाडजूड पट्टा अ चा होतो आणि ब ला दोन कोपरे उरतात. मोजा: अ च्या २४, ब च्या १२. आता पहिल्यांदा अपूर्णांक लिहा: अ जिंकण्याची संभाव्यता २४/३६, म्हणजे २/३. मग ३०० चे २/३ किती ते मुलांना काढू द्या आणि फळ्यावरच्या १९३ शेजारी तो २०० लिहा. सातचा फरक पुसायचा नाही.

'नमुना अवकाश', 'घटना' हे शब्द दहावीच्या पुस्तकात येतात. इथे त्यांची गरज नाही, 'सगळ्या चौकटी' आणि 'आपल्या चौकटी' पुरतं.

### २१ की ३६?

काही मुलं तक्ता अर्धाच भरतात: "२ आणि ३ लिहिलं, मग ३ आणि २ कशाला?" त्यांच्या हिशेबी एकूण २१ जोड्या. ही चूक फसवी आहे, कारण तिनेही अ जिंकतो (२१ पैकी १५) आणि वर्गाचा निकाल जवळपास जुळतोही. जिंकणं-हरणं बघून ती पकडता येत नाही.

फरकांची वेगवेगळी नोंद करायला सांगितली ती याचसाठी. २१ जोड्यांत फरक ० सहा वेळा आणि १ पाच वेळा येतो, म्हणजे ० जास्त यायला हवा. ३६ चौकटींत ० सहा वेळा आणि १ दहा वेळा. आमच्या फळ्यावर ० आला ५२ वेळा आणि १ आला ७९ वेळा. २१ चा हिशेब तिथेच कोसळला, तेही मला काही न बोलता.

## टप्पा ४: डाव दुरुस्त करा

एकतर्फी डाव ओळखता आला म्हणजे अर्धंच काम झालं. आता जोड्यांना सांगा, फासे तेच, फरकाचा खेळ तोच, नियम असा बदला की दोघांना सारखी संधी मिळेल. तक्ता समोर हवा. पंधरा मिनिटं काही सुचवू नका.

पहिला मार्ग लवकर सापडतो: अ ला जिंकल्यावर एक गुण, ब ला दोन. २४ × १ आणि १२ × २, जुळलं.

दुसरा मार्ग मजेदार आहे. अ ला फक्त १ आणि २ द्या, ब ला ०, ३, ४ आणि ५. अ च्या चौकटी १० + ८ = १८, ब च्या ६ + ६ + ४ + २ = १८. एकाकडे दोन फरक आणि दुसऱ्याकडे चार, तरी डाव सारखा. टप्पा ३ च्या सुरुवातीला तीन-तीन वाटून 'सारखा' म्हणणारा वर्ग आता यावर 'सारखा' म्हणतो का, ते बघा. तिथे खरी परीक्षा होते.

सावध: जुनेच आकडे वापरून दुरुस्त डाव तपासायचा मोह होतो. आमच्या फळ्यावरून अ चे १४१ आणि ब चे १५९ निघत होते, आणि लगेच आवाज आला, "बघा, चार आकडेवालाच जिंकला!" दुसऱ्या दिवशी नव्याने ३०० डाव खेळलो तर अ १५६, ब १४४. सारख्या डावातही कुणीतरी थोडा पुढे असतोच, पण तो दर वेळी तोच नसतो. एकतर्फी डावात तोच असतो. मुलांना ओळखायची खूण एवढीच द्या.

तपासा: पाठीमागे उभं राहून एका जोडीला विचारा, "तुमचा नवा डाव सारखा कशावरून?" उत्तर 'खेळून बघितलं, बरोबरी झाली' असं आलं तर टप्पा ३ चा तक्ता पुन्हा काढा. उत्तर चौकटी मोजून आलं तर पुढे जा.

## टप्पा ५: चिंचोका, जिथे चौकटी चालत नाहीत

हा टप्पा वगळला तर मुलं नवीच चूक घेऊन जातात: दोन शक्यता आहेत म्हणजे प्रत्येकीची संभाव्यता १/२. पाऊस पडेल किंवा नाही पडणार, म्हणजे निम्मे-निम्मे!

फोडलेला चिंचोका घ्या. एक बाजू पांढरी आणि सपाट, दुसरी तपकिरी आणि फुगीर. शक्यता दोनच. अंदाज लिहून घ्या, मग प्रत्येक जोडीने पेल्यातून पन्नास वेळा टाकायचा आणि पांढरी बाजू वर किती वेळा आली ते मोजायचं. इथे दोन नियम पाळा. पूर्ण पन्नास फेकी एकाच चिंचोक्याच्या हव्यात, आणि पन्नास झाल्यावर चिंचोका शेजारच्या जोडीला देऊन तिच्याकडून आणखी पन्नास टाकून घ्यायच्या.

इथे यादी करून संभाव्यता काढता येत नाही, कारण दोन बाजू सारख्या घडणीच्या नाहीत. टाकून, मोजूनच अंदाज बांधावा लागतो, आणि तो अंदाज त्या एका चिंचोक्यापुरताच. शेजारचा चिंचोका जास्त फुगीर असेल तर त्याचा आकडा वेगळा. याच कारणाने चिंचोक्यांची सगळ्या वर्गाची बेरीज करायची नाही. नाण्यांच्या वेळी बेरीज का चालली आणि इथे का नाही, हा प्रश्न मुलांपुढे टाका. "सगळी नाणी सारखीच होती, हे सगळे वेगवेगळे आहेत," असं कुणीतरी म्हणेपर्यंत थांबा.

वेळ उरला तर काडेपेटी टाकून बघा. आडवी, कडेवर आणि उभी, अशा तीन शक्यता. उभी इतक्या क्वचित राहते की पन्नास फेकींत एकदाही न येण्याची तयारी ठेवा. शून्य वेळा आली म्हणून संभाव्यता शून्य का, यावर एका सहावीच्या मुलीने मला तासभर धरून ठेवलं होतं. शेवटी ती काडेपेटी घरी घेऊन गेली.